नऊ हजारांचे साडेसोळा हजार झाले, पण वाढले किती?

सोलापूरच्या होम मैदानावरचे पाळणे उतरायला लागले, गड्डा यात्रेची गर्दी ओसरली, की आमच्या कारखान्यात पगारवाढीची बोलणी निघतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे आणि तिथला हिशेब मी बघतो. २०२५च्या फेब्रुवारीत आमचे एक जॉबर, म्हणजे माग लावून देणारे कारागीर, माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. वयाने मोठे आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. पिच्छा सोडायला तयार नव्हते.

"साहेब, मालक म्हणत्यात तुझा पगार डबल केला. केला असंल. पण मग महिनाअखेरीला हात आखडतो कशापायी, ते जरा बघून सांगा की."

मी डिसेंबर २०१२चं पगारपत्रक काढलं. त्यात मामांच्या नावापुढे ९,००० रुपये. डिसेंबर २०२४च्या पत्रकात १६,५०० रुपये. (दोन्ही आकडे इथे गोल केले आहेत, वरची चिल्लर सोडली आहे.) डबल नाही, पण ८३ टक्के वाढ आहे. मालक खोटं बोलत नव्हते. आणि मामाही खोटं बोलत नव्हते. दोघांचं भांडण असं होतं की मालक नोटा मोजत होते आणि मामा पिशवी मोजत होते.

पगारपत्रकावर जो आकडा असतो त्याला अर्थशास्त्रात नाममात्र वेतन म्हणतात. त्या पैशात बाजारातून जे येतं ते वास्तव वेतन. २०१२चा रुपया आणि २०२४चा रुपया यांच्यावर छाप एकच असली तरी ती दोन वेगळी मापं आहेत. त्यांची थेट वजाबाकी करणं म्हणजे शेरातून किलो वजा करणं. आधी दोन्ही एका मापात आणायला हवेत, आणि त्यासाठी जे साधन वापरतात ते म्हणजे किंमत निर्देशांक.

निर्देशांक म्हणजे काय, ते मामांना किराण्याच्या चिठ्ठीवरून सांगितलं. समजा एका घराची महिन्याची यादी पक्की केली: इतके किलो ज्वारी, इतकं तेल, इतकी डाळ, चहापत्ती, साखर, गॅस, घरभाडं, रिक्षा, पोराची फी, दवाखाना. एका ठरावीक वर्षी या सगळ्याला १०,००० रुपये लागले. त्या वर्षाला पायाभूत वर्ष म्हणायचं आणि या खर्चाला १०० हा आकडा द्यायचा. पुढे कधीतरी अगदी तीच यादी, तितकीच मापं घेऊन बाजारात गेलो आणि ११,८०० रुपये लागले, तर निर्देशांक झाला ११८. यादी हलवायची नाही, ही त्यातली मेख. यादी तीच ठेवली म्हणूनच वाढलेला खर्च हा भाववाढीमुळे वाढला, आपण जास्त खाल्लं म्हणून नाही, असं म्हणता येतं.

कामगारांसाठी ही चिठ्ठी केंद्र सरकारचं श्रम ब्युरो सांभाळतं. तिचं नाव औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक. देशभरातल्या ८८ औद्योगिक केंद्रांतल्या ३१७ बाजारांतून किरकोळ भाव गोळा होतात आणि एका महिन्याचा आकडा पुढच्या महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी जाहीर होतो. म्हणजे डिसेंबरचा आकडा जानेवारीअखेर कळतो. मामा फेब्रुवारीत आले ते बरंच झालं, महिनाभर आधी आले असते तर मला थांबा म्हणावं लागलं असतं. या ८८ केंद्रांत सोलापूरही आहे. गिरण्यांचं गाव म्हणून कामगारांच्या घरखर्चाची मोजदाद इथे जुनीच. १९२०च्या दशकातच मुंबईच्या लेबर ऑफिसने सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या कुटुंबांचा जमाखर्च तपासला होता.

आता हिशेब. रीत एका ओळीची आहे:

```
जुन्या पगाराची आजची किंमत = जुना पगार × (आजचा निर्देशांक ÷ तेव्हाचा निर्देशांक)
```

मी देशपातळीवरचे आकडे घेतले. डिसेंबर २०१२चा निर्देशांक २१९. डिसेंबर २०२४चा १४३.७.

इथे मामांनी माझ्याकडे बघितलं. "म्हंजी बारा वर्षात स्वस्ताई झाली म्हणा की."

आकडे तसेच टाकले तर खरंच तसं उत्तर येतं. १४३.७ भागिले २१९ म्हणजे सुमारे ०.६६. किमती एक तृतीयांशाने उतरल्या, आणि मामांचे साडेसोळा हजार २०१२च्या पंचवीस हजारांच्या वर गेले! असला हिशेब छापलेला मी पाहिलाय, आणि करणाऱ्याला त्यात काही खटकलं नव्हतं. घोळ असा की हे दोन आकडे एका पट्टीवरचे नाहीत. २१९ हा आकडा २००१ साल १०० धरून काढलेला आहे. १४३.७ हा २०१६ साल १०० धरून. सप्टेंबर २०२०पासून ब्युरोने जुनी मालिका बंद करून नवी सुरू केली. ऑगस्ट २०२०ला ३३८ असलेला निर्देशांक पुढच्याच महिन्यात ११८.१ दिसायला लागला. त्या महिन्यात काही स्वस्त झालं नव्हतं, फक्त १०० कुठल्या सालाला द्यायचे ते बदललं होतं.

मामांना हे लगेच पटलं, कारण आमच्या धंद्यात हे रोज होतं. एकाने चादरीची लांबी सेंटिमीटरमध्ये २२९ लिहिली आणि दुसऱ्याने त्याच चादरीची इंचात ९०, तर चादर आटली असं कुणी म्हणत नाही. इंचाचे सेंटिमीटर करायला २.५४ने गुणतो. तसाच नव्या मालिकेतला आकडा जुन्या मालिकेत न्यायला ब्युरोने एक जोड गुणक दिलेला आहे. देशपातळीवरच्या सर्वसाधारण निर्देशांकासाठी तो २.८८ आहे. सप्टेंबर २०२०चे ११८.१ गुणिले २.८८ केले की ३४० येतात. ऑगस्टच्या ३३८ला ते नीट सांधतात. गुणक बरोबर वापरलाय का, ते ताडायची हीच सोपी खूण: सांध्यापाशी उडी दिसता कामा नये.

मग १४३.७ गुणिले २.८८ म्हणजे सुमारे ४१३.९. आता दोन्ही आकडे २००१च्या पट्टीवर आले. ४१३.९ भागिले २१९ म्हणजे १.८९. म्हणजे २०१२च्या डिसेंबरात जी पिशवी १०० रुपयांत भरायची, तिला २०२४च्या डिसेंबरात १८९ रुपये लागत होते. मामांच्या ९,००० रुपयांची २०२४ची किंमत साधारण १७,०१० रुपये. हातात पडतात १६,५००. उलट बाजूने सांगायचं तर आजच्या १६,५००ला १.८९ने भागलं की २०१२चे सुमारे ८,७३० रुपये येतात. ९,०००चे ८,७३०. बारा वर्षं काम केलं, मधल्या काळात नवे रेपियर लूम शिकून घेतले, आणि पगार खऱ्या अर्थाने तीन टक्क्यांनी खाली आला.

आकडा कुठल्या सालच्या रुपयांत आणायचा, हा सोयीचा प्रश्न आहे. मी तरी आजच्या रुपयांत आणतो, कारण समोरच्याला "१७,०१० व्हायला हवे होते" हे पटकन समजतं. "२०१२चे ८,७३०" म्हटलं की माणूस आधी २०१२ आठवायला लागतो. टक्का दोन्हीकडून एकच निघतो.

बरेच जण इथे एक आडवाट घेतात: पगार ८३ टक्के वाढला, महागाई ८९ टक्के वाढली, वजा करा, सहा टक्के तोटा. चूक आहे. टक्के एकमेकांतून वजा होत नाहीत, १.८३ला १.८९ने भागावं लागतं, आणि तोटा तीन टक्के येतो. एका वर्षाचा हिशेब असेल, चार-पाच टक्क्यांचा मामला असेल, तर वजाबाकीने फारसं बिघडत नाही. बारा वर्षांत तोटा दुपटीने फुगतो.

इथपर्यंत आल्यावर मामा कागद घेऊन मालकांकडे निघाले होते. मी थांबवलं. कारण हा तीन टक्क्यांचा तोटा किती पक्का आहे, हे मला आधी बघायचं होतं.

माझ्या मनात शंका आली ती त्या २.८८ बद्दल. नव्या मालिकेत २०१६ म्हणजे १००. जुन्या मालिकेत २०१६च्या बारा महिन्यांची सरासरी साधारण २७४ होती. मग गुणक २.७४ असायला नको का? आकडा साधा दिसतो, आणि स्वतःच पट्टी जोडायला बसलेले लोक हमखास हाच वापरतात. ब्युरोचा गुणक मात्र २०१६पाशी जोडलेला नाही, जिथे जुनी मालिका थांबली आणि नवी लागू झाली तिथे, म्हणजे २०२०पाशी जोडलेला आहे. इंच आणि सेंटिमीटरची उपमा इथे तुटते. इंचात २.५४ सेंटिमीटर काल होते, आज आहेत, उद्याही असतील. दोन निर्देशांकांमधलं प्रमाण असं स्थिर नसतं. २०१६च्या सरासरीपासून ऑगस्ट २०२०पर्यंत जुनी मालिका जवळपास २३ टक्के चढली. नव्या मालिकेच्या हिशेबाने तेवढ्याच काळात चढ सुमारे १७ टक्के. बाजार एकच होता, पण यादी वेगळी, मापं वेगळी, भाव घ्यायची दुकानं वेगळी. एक पट्टी कापडाची आणि दुसरी किंचित रबराची, असं काहीसं.

याचा मामांच्या पगारावर काय परिणाम होतो ते बघा. २.७४ धरलं तर १४३.७चे ३९३.७ होतात, त्याला २१९ने भागलं की १.८०. मग २०१२च्या ९,०००ची किंमत १६,१८० रुपये, आणि हातातले १६,५०० त्याहून तीनशे वीस रुपयांनी जास्त. तोटा जाऊन दोन टक्के फायदा! पगार तोच, बाजार तोच, फक्त दोन याद्यांचा सांधा कुठे मारला यावर उत्तराचं चिन्ह बदललं.

अधिकृत गुणक २.८८ आहे आणि पगाराच्या बोलण्यांत, महागाई भत्त्याच्या हिशेबात तोच धरायचा, यात वाद नाही. जुनी मालिका २०२०पर्यंत प्रत्यक्ष लागू होती, त्यावर भत्ते दिले गेले, तेव्हा तिथपर्यंतची भाववाढ तिनेच मोजायची हे सुसंगतच आहे. पण मामांना मी जे सांगितलं ते एवढंच: "तीन टक्के खाली गेला म्हणून भांडू नका. पगार आहे तिथंच आहे, बारा वर्षांत वाढलाच नाही, एवढं म्हणा. ते कुणालाच खोडता येणार नाही." ८३ टक्के वाढ झाली, या दाव्याचा फुगा फोडायला निर्देशांक पुरेसा आहे. त्यापुढच्या दोन-तीन टक्क्यांवर छातीठोक बोलायला तो पुरेसा नाही. दशांशचिन्हानंतरचे आकडे बघून माणसाला उगाच धीर येतो.

मग मामांनी विचारलं, की देशाचा आकडा कशाला, सोलापूरचा घ्या की. प्रश्न रास्त होता. सोलापूर केंद्राचा वेगळा निर्देशांक निघतो आणि त्याचा जोड गुणकही वेगळा आहे. सोलापूरचा आकडा घेतला तर गुणकही सोलापूरचाच घ्यायचा. इथला निर्देशांक आणि देशाचे २.८८ अशी मोट बांधली तर उत्तर फसतं. आमच्याकडे मागचे करार देशाच्या आकड्यावर झाले होते म्हणून मी तोच धरला.

याच ओघात आणखी एक गैरसमज निघाला. पाळीवरचा एक मुलगा ऐकत उभा होता. तो म्हणाला, पेपरात वाचलंय, अमुक महिन्यात आपला निर्देशांक मुंबईपेक्षा जास्त होता, म्हणजे सोलापूर मुंबईहून महाग. तसं नसतं बाबा. २०१६ साली प्रत्येक केंद्राला १०० दिलेले आहेत, मुंबईलाही आणि सोलापूरलाही. मुंबईच्या खोलीचं भाडं आणि आपल्याकडच्या खोलीचं भाडं, दोन्ही तिथे १००च होते. नंतर समजा सोलापूर १४५वर गेलं आणि मुंबई १४०वर, तर याचा अर्थ एवढाच की २०१६पासून आपल्याकडे भाव जास्त वेगाने चढले. कोण मूळचं महाग, हे हा आकडा सांगतच नाही. तो एका गावाची दोन सालं ताडायला आहे, एका सालची दोन गावं ताडायला नाही.

महिनेही सारखे धरायचे. मी दोन्हीकडे डिसेंबर घेतला, ते मुद्दाम. पावसाळ्यात भाजी कडाडते, हिवाळ्यात उतरते. घरभाड्याचा आकडा तर वर्षातून दोनदाच, जानेवारी आणि जुलैत बदलतो. एका वर्षीचा डिसेंबर आणि दुसऱ्या वर्षीचा जुलै समोरासमोर ठेवले तर फरकात ऋतूचाही वाटा मिसळायचा.

एवढं झाल्यावरही मामांचं समाधान पुरतं झालेलं नव्हतं, आणि याचं कारण मला आकड्यांपेक्षा त्यांच्या घरात सापडलं. निर्देशांकातली यादी सरासरी कुटुंबाची असते. २००१च्या मालिकेत शंभरातले ४६.२० भाग खाण्यापिण्याला होते. २०१६च्या मालिकेत ते ३९.१७वर आले. घराला १६.८७ भाग आहेत. फी, दवाखाना, प्रवास, मोबाईल अशा किरकोळ म्हणवणाऱ्या खर्चाचा वाटा मात्र २३.२६वरून ३०.३१वर गेला. याला भार म्हणतात, आणि कुठली भाववाढ निर्देशांकात किती दिसणार ते हा भारच ठरवतो.

मामांचं घर स्वतःचं आहे, बापजाद्यांचं. भाड्याचा भार त्यांना लागूच नाही. घरात खाणारी तोंडं सात. त्यांनी अंदाजाने सांगितलं की शंभरातले साठ रुपये खाण्यावर जातात. आता समजा एखाद्या वर्षी खाण्याच्या वस्तू १० टक्क्यांनी वाढल्या आणि बाकी सगळं ४ टक्क्यांनी. सरकारी भार धरले तर निर्देशांक साधारण ६.४ टक्के चढेल. मामांच्या घरात तीच महागाई ७.६ टक्के होईल. निर्देशांक खोटं सांगत नाही. तो दुसऱ्याच घराची गोष्ट सांगतोय. उलटंही होतं. डाळी-भाज्या उतरल्या आणि दवाखाना चढला, तर मामांच्या घराला पेपरातल्या आकड्यापेक्षा कमी झळ बसते, पण ते सांगायला कुणी हिशेबनिसाकडे येत नाही.

तरी मामा कारखान्यातले, म्हणजे या निर्देशांकाच्या कक्षेत येतात. ही यादी ज्या कुटुंबांच्या पाहणीतून बनते ती सात क्षेत्रांतल्या कामगारांची: कारखाने, खाणी, मळे, रेल्वे, सार्वजनिक मोटार वाहतूक, वीज आणि बंदरं. आता सोलापूरच्या पूर्व भागातल्या गल्लीबोळांतून दुपारी फिरून या. उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन बायका विड्या वळताना दिसतील. त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते आणि त्या घरी बसून काम करतात. त्यांच्या पाच वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या मजुरीची तुलना करायला आपण हाच निर्देशांक वापरतो, कारण जवळचा दुसरा नाही. वापरावा, पण त्यांच्या खर्चात ज्वारी, तेल आणि रॉकेल-गॅसचा वाटा सरासरी कामगाराहून मोठा असणार हे मनात धरून वापरावा.

बाजार समितीत कांदा घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याचंही असंच. माझे मोठे चुलतभाऊ मोहोळकडे शेती करतात, ते दर हंगामाला एकच वाक्य बोलतात: "बारा वर्षांपूर्वी जो भाव होता तोच आज आहे." समजा त्यांना तेव्हा क्विंटलला १,२०० रुपये मिळाले आणि आज १,६०० मिळाले. भाव वाढला, असं विक्रीच्या पावतीवर दिसतं. वरचाच १.८९ लावला तर १,२००ची बरोबरी करायला २,२७० रुपये मिळायला हवे होते. म्हणजे त्यांची तक्रार खरं तर सौम्यच होती. पण इथे दोन गोष्टींनी मी हात आवरतो. एक तर कांद्याचा कुठलाही एक दिवस धरून काही सिद्ध करता येतं, निदान चार-पाच हंगामांची सरासरी हवी. आणि शेतकऱ्याची पिशवी कामगाराची नाही. तिच्यात खतं, मजुरी, डिझेल बसतं. गावाकडच्या घरखर्चासाठी शेतमजुरांचा किंवा ग्रामीण निर्देशांक जवळचा पडतो, आणि शेतीच्या खर्चाचा हिशेब तर त्यानेही होत नाही.

शेवटी मी एका पानावर तीन ओळी लिहून दिल्या: डिसेंबर २०१२चा पगार ९,०००, त्याची डिसेंबर २०२४ची किंमत १७,०१०, प्रत्यक्ष पगार १६,५००. खाली दोन्ही निर्देशांक, त्यांची पायाभूत वर्षं आणि २.८८. पायाभूत वर्ष न लिहिता नुसता निर्देशांक लिहिलेला कागद माझ्या टेबलावर आला तर मी परत पाठवतो, म्हणून स्वतःच्या कागदावर तरी चुकायचं नाही असं ठरवलेलं आहे.

मामा मालकांच्या केबिनमध्ये गेले. अर्ध्या तासाने मलाही आत बोलावलं. मालकांनी कागद दोनदा वाचला होता, वर पेनाने १.८९ला गोल केलेला होता.

"हे बरोबर आहे, मान्य," ते म्हणाले. "मग आता माझ्या टॉवेलचाही असाच काढा. २०१२ला किलोला काय भाव घेत होतो आणि आज काय घेतो. त्याला पण १.८९ लावा."

मी म्हटलं, "टॉवेलच्या पैशात तुमचं घर कसं चालतं ते बघायचं असेल तर १.८९ लावतो. धंदा कसा चालतो ते बघायचं असेल तर तो चालणार नाही. तुम्ही कारखान्यासाठी ज्वारी-डाळ घेत नाही, सूत घेता, वीज घेता. टॉवेलचा भाव सुताच्या भावाने भागून बघू या, की एक किलो टॉवेल विकून किती किलो सूत येतं."

त्यांना ते आवडलं. संध्याकाळपर्यंत आकडा द्या म्हणाले. दुपारभर मी आणि मामा मागच्या खोलीत धूळ झाडत बसलो, पण सुताची बिलं २०१४च्या आधीची सापडेनात. वाळवीने एक अख्खा गठ्ठा खाल्ला होता.